बॅटरीच्या लाइनवर नेमकं कुठे उभं राहायचं?

डहाणूत बॅटरीचा कारखाना येणार, पाचशे पोरांना काम मिळणार, असं कुणी सांगितलं तर आधी २० जून १९९१ ची अधिसूचना आठवावी. त्या दिवशी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक ठरवला. उद्योगांची हिरव्या, नारिंगी आणि लाल अशा गटांत वाटणी केली, लाल गटातल्या उद्योगांना बंदी घातली आणि साऱ्या तालुक्यात मिळून उद्योगांना फार तर पाचशे एकर जागा ठेवली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या अधिसूचनेची अंमलबजावणी करायला लावली. त्याच वर्षी न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं. घोलवड-बोर्डीच्या चिकूवाड्या आज उभ्या आहेत, त्यात या निर्णयांचा मोठा वाटा आहे. पण त्याच निर्णयांमुळे आयटीआय झालेल्या पोराला सकाळी गाडी पकडून बाहेर जावं लागतं, हेही तितकंच खरं.

बाहेर म्हणजे दोन दिशांना. दक्षिणेला बोईसर, म्हणजे तारापूरची एमआयडीसी. उत्तरेला आच्छाडचा नाका ओलांडला की भिलाड, सरीगाम, उंबरगाव, वापी आणि बाजूला सिल्वासा. तलासरीच्या मुलाला पालघरपेक्षा वापी जवळ. तिथे प्लास्टिक, रसायनं, औषधं, विजेची उपकरणं असा जुना पसारा आहे. अलीकडे सौर पॅनेलची त्यात भर पडली. वारी कंपनीचे पॅनेलचे कारखाने उंबरगाव तालुक्यात टुंब आणि नंदिग्रामला आहेत, पुढे नवसारी जिल्ह्यात चिखलीलाही आहे. याच पट्ट्यातून गेल्या काही वर्षांत ‘ईव्ही’ आणि ‘लिथियम’ हे शब्द तलासरीच्या मोबाइलवर येऊ लागले. बहुतेक वेळा ते जाहिरातीच्या रूपात येतात: नामांकित ईव्ही बॅटरी कंपनी, ५०० जागा, दहावी ते बी.ई., राहणं-जेवण मोफत, लगेच रुजू व्हा, आधार घेऊन या. खाली एक मोबाइल नंबर. कंपनीचं नाव नाही.

या लेखात ही जाहिरात तपासून पाहायची आहे. ती खोटीच असते असं नाही. काही वेळा तिच्यामागे खरंच एक लाइन चालू असते आणि तिला माणसं लागत असतात. प्रश्न असतो तो काम कसलं, किती माणसांचं आणि कुणाच्या हजेरीपटावर, याचा.

आधी एक भेद नीट समजून घ्यायला हवा, कारण निम्मा गोंधळ तिथेच होतो. ‘बॅटरीचा कारखाना’ या एका नावाखाली दोन अगदी वेगळे कारखाने येतात. एक सेलचा. तिथे धातूच्या पातळ पत्र्यावर रसायनाचा लेप देतात, तो दाबतात, कापतात, गुंडाळतात, त्यात इलेक्ट्रोलाइट भरतात आणि मग पहिलं चार्जिंग करून सेल दिवसेंदिवस ठेवून पाहतात. त्यातले काही विभाग इतके कोरडे ठेवावे लागतात की हवेचा दवबिंदू शून्याखाली चाळीस अंशांच्याही खाली न्यावा लागतो. असा कारखाना उभा करायला हजारो कोटी लागतात, आणि यंत्रंच बहुतेक काम करत असल्यामुळे त्या पैशाच्या मानाने माणसं कमी लागतात. केंद्र सरकारने मे २०२१ मध्ये अशा सेलसाठी १८,१०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. लक्ष्य ५० गिगावॉट-तासांचं होतं. चार वर्षांनीही त्यातला थोडाच भाग उभा राहिला. टाटांचा अगरातास प्रकल्प साणंदला आहे, म्हणजे तलासरीहून अहमदाबादही ओलांडून जावं लागतं.

दुसरा कारखाना पॅकचा. सेल बाहेरून येतात, बहुतांशी चीनमधून. इथे ते ओळीने बसवून, जोडून, त्यावर बीएमएसचं सर्किट लावून, पेटीत बंद करून स्कूटर किंवा रिक्षावाल्या कंपनीला देतात. एखाद्या शेडमध्येही हे काम होऊ शकतं. वापी, वसई, भिवंडी, चाकण, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत. तेव्हा जाहिरातीत ‘बॅटरी मॅन्युफॅक्चरिंग’ लिहिलेलं असलं तरी डहाणू-तलासरीच्या मुलाच्या वाट्याला येईल ते जवळजवळ नेहमी पॅकचं काम. त्यात कमीपणा काही नाही. पण ते काय असतं, ते आधी पाहायला हवं.

उधव्याच्या बाजूचा एक मुलगा सीमेपलीकडच्या अशाच एका लाइनवर आहे. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन. त्याने सांगितलेली पहिली गोष्ट लक्षात राहण्यासारखी होती. “दादा, आयटीआयला आधी मेन बंद करायला शिकवतात. इथे मेनच नाही. सेल खोक्यातून निघतो तोच जिवंत.” सेल येतात ते अर्धवट चार्ज होऊन आणि त्यांना बंद करायचं बटण नसतं. म्हणून लाइनवर जाण्याआधी अंगठी, कडं, घड्याळ, गळ्यातली साखळी सगळं काढून ठेवायचं. पान्यालाही उष्णतेने आवळलेली प्लास्टिकची नळी. सेलच्या ओळीवर उघडा पाना आडवा पडला तर फ्यूज उडत नाही, पाना वितळतो.

त्याचे पहिले तीन महिने मोजण्यात गेले. नेहमीच्या स्कूटरच्या पॅकचा हिशेब घेऊ. २१७०० या आकाराचा सेल, साधारण पाच अँपिअर-तासांचा. असे बारा सेल समांतर आणि अशा चौदा ओळी एकापुढे एक. म्हणजे १६८ सेल, सुमारे ५० व्होल्ट, ६० अँपिअर-तास, तीन युनिटच्या आसपास वीज. या प्रत्येक सेलचा व्होल्टेज आणि आतला रोध मोजून, बारकोड वाचून तो ठरलेल्या ट्रेमध्ये टाकायचा. रोध मिलिओहममध्ये असतो, वीस-पंचवीसच्या घरात. साध्या मल्टिमीटरने तो मोजताच येत नाही, कारण मीटरच्या वायरीचा आणि टोकांच्या स्पर्शाचा रोध त्याहून जास्त भरतो. म्हणून इथे चार तारांचं मीटर असतं: दोन तारा विद्युतप्रवाह देतात, दोन फक्त व्होल्टेज वाचतात. चार तारा कशाला, हा प्रश्न मुलाखतीत विचारला गेला तर समजावं की विचारणाऱ्याच्या कारखान्यात खरंच लाइन चालते.

ही मोजणी इतकी जपून का करायची, हेही त्याच्या लाइनलीडर ताईंनी छान सांगितलं. समांतर बारातला एक सेल आतल्या आत गळत असेल तर तो बाकी अकरांना हळूहळू खाली ओढतो. महिना-दोन महिन्यांनी ती अख्खी ओळ बाकी तेरा ओळींच्या मागे पडते. बीएमएस सगळ्यात खालच्या ओळीकडे पाहून गाडी बंद करतो, म्हणून ग्राहकाला वाटतं बॅटरी संपली, आणि बाकी तेरा ओळींत वीज शिल्लक असते. बीएमएस ओळी सारख्या करत नाही का? करतो, पण अगदी थोड्या प्रवाहाने. शंभर मिलिअँपिअर धरा. साठ अँपिअर-तासांच्या ओळीत दोन टक्क्यांचा फरक म्हणजे १.२ अँपिअर-तास. तो भरून काढायला बारा तास लागतात, आणि गळणारा सेल ती ओळ पुन्हा मागे नेतच राहतो. लाइनच्या पहिल्या टेबलावरची चूक शेवटी ग्राहकाच्या दारात दिसते, आणि मधल्या कुठल्याही टेबलावर ती पकडता येत नाही.

मोजणीनंतर जोडणी. निकेलची पट्टी सेलच्या टोकावर ठेवून स्पॉट वेल्डिंग होतं, दोन्ही टोकांना मिळून एका पॅकला किमान ३३६ जागी. मशीन आपोआप टाके मारतं, पण टाका पक्का झाला का ते माणूसच तपासतो. ठरावीक वेळाने एका नमुन्याची पट्टी पकडीने ओढून काढायची. टाका चांगला असेल तर पट्टीला भोक पडतं आणि निकेलची छोटी टिकली सेलला चिकटून राहते. पट्टी स्वच्छ सुटून आली तर टाका थंड गेला, लाइन थांबवायची. बहुतेक वेळा कारण इलेक्ट्रोडच्या टोकात सापडतं. ते झिजून पसरट होतं, प्रवाह पसरतो आणि धातू वितळतच नाही. टोक घासून पुन्हा नीट करायचं काम मेंटेनन्सच्या माणसाचं. किती टाक्यांनंतर टोक घासायचं, हे ज्याला हाताने कळू लागलं, त्याला सोडून द्यायची हिंमत कुठलाही मॅनेजर करत नाही.

पुढे पेटी बंद करणं, स्क्रू ठरलेल्या ताकदीने आवळणं, पाणी शिरतं का याची चाचणी, पेटी आणि टोकं यांच्यामधलं इन्सुलेशन तपासणं आणि शेवटी चार्ज-डिस्चार्ज करून पॅकची खरी क्षमता पाहणं. या शेवटच्या चाचण्या पूर्वी अनेक जण उरकून टाकत. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, वसईत, घरात रात्री चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि सात वर्षांच्या मुलाचा जीव गेला. त्या वर्षी देशभर स्कूटर पेटल्या होत्या. त्यानंतर एआयएस-१५६ या मानकात सुधारणा झाली. डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत ती लागू झाली, आणि सेलपासून पॅकपर्यंतच्या तपासणीच्या व नोंदींच्या अटी कडक झाल्या. या नियमामुळे काही छोटे कारखाने बंद पडले आणि जे टिकले त्यांना चाचणी करणारी, नोंद ठेवणारी, नापास पॅक उघडून कारण शोधणारी माणसं घ्यावी लागली. आयटीआय किंवा डिप्लोमाच्या मुलासाठी खरी जागा आहे ती ही. पट्टी बसवणारे हात वर्षभरात बदलले जातात. मोजणारे आणि दुरुस्त करणारे टिकतात.

आता त्या पाचशे जागांकडे वळू.

शंभर पॅकची एक पाळी धरा. आठ तासांतून जेवण-चहा वजा जाता साडेचारशे मिनिटं उरतात, म्हणजे साडेचार मिनिटांना एक पॅक बाहेर पडायला हवा. एका पॅकवर माणसाच्या हाताचं काम सगळं मिळून दोन तासांचं आहे असं समजू. अर्धस्वयंचलित लाइनवर हे अगदी सढळ धरलेलं माप झालं. एकशेवीस भागिले साडेचार, म्हणजे सत्तावीस माणसं. त्यात स्टोअर, चाचणी, मेंटेनन्स आणि सुपरवायझर मिळवले की चाळीस. चाळीस माणसांत शंभर पॅक. मग पाचशे माणसं घेणारी कंपनी रोज साडेबाराशे पॅक बनवणार, वर्षाच्या तीनशे दिवसांत पावणेचार लाख. २०२४-२५ या आर्थिक वर्षात साऱ्या देशात मिळून इलेक्ट्रिक दुचाकी विकल्या गेल्या सुमारे साडेअकरा लाख. म्हणजे नाव न छापणारी ही कंपनी देशातल्या दर तिसऱ्या स्कूटरची बॅटरी बनवत असायला हवी. तशी कंपनी असती तर तिचं नाव तलासरीच्या नाक्यावर लहान पोराच्याही तोंडी असतं.

मग पाचशेचा आकडा येतो कुठून? कंत्राटदाराकडे एकाच वेळी पाच-सहा कारखान्यांची मागणी असते. त्यात एक बॅटरीचा, बाकी पॅकिंगचे, प्लास्टिकचे, औषधांचे. जाहिरातीत सगळ्यात चमकदार नाव टाकतात, आणि माणूस पोचल्यावर जिथे तुटवडा असेल तिथे त्याला पाठवतात. शिवाय वर्षभरात सोडून जाणाऱ्यांची भरपाईही त्याच आकड्यात धरलेली असते. एका अर्थाने पाचशे माणसं खरंच लागतात. पण ती बॅटरीच्या लाइनवर लागत नाहीत, आणि एकदमही लागत नाहीत.

तेव्हा फोनवर विचारायचा पहिला प्रश्न पगाराचा नाही. “कोणत्या स्टेशनवर?” असा आहे. सेल सॉर्टिंग, वेल्डिंग, असेंब्ली, एंड-ऑफ-लाइन टेस्ट की रीवर्क? खऱ्या कारखान्याचा माणूस चटकन उत्तर देतो, कारण त्याच्या कागदावर जागा तशाच लिहिलेल्या असतात. ‘ते आल्यावर ठरेल’ असं उत्तर आलं तर जागा बॅटरीची नाही. आणि ‘रजिस्ट्रेशन’, ‘गणवेश’, ‘मेडिकल’ अशा नावाने आधी पैसे मागितले तर फोन ठेवून द्यावा. कामगाराकडून पैसे घेऊन चालणारी लाइन अस्तित्वात नसते.

दुसरा प्रश्न: हजेरीपट कुणाचा? इथे एक साधन आहे, जे सगळ्यांना उपलब्ध असूनही आपल्याकडे फार थोडे वापरतात. भविष्य निर्वाह निधीच्या, म्हणजे ईपीएफओच्या संकेतस्थळावर आस्थापना शोधायची सोय आहे. तिथे लॉगिन लागत नाही. कंपनीचं नाव टाकायचं, यादीतली आपली कंपनी पत्त्यावरून ओळखायची आणि ‘View Payment Details’ वर जायचं. त्या आस्थापनेने कोणत्या महिन्याचे पीएफचे पैसे कधी भरले, किती भरले आणि किती कामगारांसाठी भरले, हे महिनावार दिसतं. भरती खरी असेल तर हा आकडा चढत जातो. सहा महिने तो अडतीसच्या आसपासच असेल आणि कंपनी दोनशे जागांची जाहिरात करत असेल, तर एक तर कंत्राटदारामार्फत माणसं घेतली जातात किंवा घेतलीच जात नाहीत. पैसे दर महिन्याला वेळेवर भरलेत की चार-चार महिन्यांचे एकदम, यावरूनही कंपनीच्या खिशाचा अंदाज येतो.

हा आकडा वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. कंत्राटी कामगारांचा पीएफ कंत्राटदाराच्या नावाने भरला जातो, म्हणून कंत्राटदाराचं नाव विचारून तेही शोधायचं. आणि शिकाऊ उमेदवार कायद्याखाली घेतलेल्यांचा पीएफ कापलाच जात नाही, म्हणून ते या मोजणीत दिसत नाहीत. उधव्याच्या मुलाने मित्रासाठी एका कंपनीची अशी चौकशी केली. कंपनीच्या नावावर मोजकेच लोक होते, पण कंत्राटदाराच्या नावावर तीनशेच्या वर, आणि पैसे नियमित भरलेले. मित्र गेला. पगार कमी होता, पण पहिल्या महिन्यापासून पीएफच्या खात्यात रक्कम दिसू लागली.

कंपनी नवी असेल तर तिचा सीआयएन बघावा. तो एकवीस अक्षर-आकड्यांचा असतो आणि कंपनीच्या लेटरहेडवर, ऑफर लेटरवर छापलेला असतो. त्याच्या मधोमध राज्याची दोन अक्षरं, `MH` किंवा `GJ`, आणि त्यालाच लागून स्थापनेचं वर्ष. पंधरा वर्षांचा अनुभव सांगणाऱ्या कंपनीच्या सीआयएनमध्ये `2024` असेल तर तिथेच कळतं. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर हाच क्रमांक टाकला की भागभांडवल दिसतं. लाख रुपये भांडवलाची कंपनी पाचशे माणसांचा पहिल्या महिन्याचा पगार कुठून देणार, एवढा विचार केला तरी बराच धुरळा खाली बसतो.

सीमेपलीकडे जाणाऱ्यांसाठी आणखी एक वस्तुस्थिती. सरकारी सवलती घेणाऱ्या उद्योगांनी ८५ टक्के माणसं स्थानिक घ्यावीत, असा गुजरातचा १९९५ पासूनचा शासन निर्णय आहे. महाराष्ट्रातही अशाच सवलतींसोबत ८० टक्क्यांची अट येते. आच्छाडपासून चार किलोमीटरवर काम करणारा तलासरीचा मुलगा तिथल्या कागदावर परराज्यातला असतो. घरापासून अर्ध्या तासावर असूनही त्याला कायम नोकरीपेक्षा कंत्राट सहज मिळतं, त्यात याही गोष्टीचा भाग असावा असं मला वाटतं. या प्रश्नावर पालघरच्या लोकप्रतिनिधींनी कधीतरी जोर लावून बोलायला हवं होतं.

शिकाऊ उमेदवारीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण ‘नोकरी’ म्हणून सांगितलेल्या बऱ्याच जागा प्रत्यक्षात याच असतात. तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. २०१९ च्या नियमांनुसार आयटीआयवाल्याला महिन्याला किमान ७,००० रुपये, डिप्लोमाला ८,०००, पदवीधराला ९,००० रुपये विद्यावेतन. ते वाढवण्याची शिफारस २०२५ मध्ये झाली. विद्यावेतनातले पंचवीस टक्के, पण कमाल १,५०० रुपये, केंद्र सरकार थेट उमेदवाराच्या खात्यात भरतं. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत तर सगळंच विद्यावेतन सरकार देतं, आयटीआय-डिप्लोमाला आठ हजार, पदवीधराला दहा हजार, तेही ठरावीक महिन्यांपुरतं. ही शिकाऊ जागा वाईट मुळीच नाही. वर्षभर खऱ्या लाइनवर हात बसतो, शेवटी परीक्षा देऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. पण तिचा करार apprenticeshipindia.gov.in वर नोंदलेला असायला हवा आणि उमेदवाराला तो स्वतःच्या लॉगिनने दिसायला हवा. करार दिसत नसेल आणि पीएफही कापला जात नसेल, तर तो मुलगा शिकाऊही नाही आणि कामगारही नाही. अपघात झाला तर त्याच्या बाजूने कागदाचा चिटोराही नसतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या कामगार संहितांनी नियुक्तिपत्र सक्तीचं केलं आहे. ते मागण्यात संकोच करू नये.

मोठ्या घोषणांबद्दल थोडक्यात. २०२१ मध्ये कॉसिस या ब्रिटिश कंपनीने तळेगावला इलेक्ट्रिक बसच्या कारखान्यासाठी राज्य सरकारशी सुमारे २,८०० कोटींचा करार केला. पुढे मुंबईच्या बेस्टने तिला सातशे दुमजली बसचं काम दिलं. त्या बस आल्याच नाहीत. २०२१ मध्येच ओला इलेक्ट्रिकने तामिळनाडूतल्या कारखान्यात दहा हजार महिला काम करतील असं जाहीर केलं, आणि २०२४-२५ मध्ये त्याच कंपनीतल्या नोकरकपातीच्या बातम्या छापून आल्या. एसटीने ५,१५० इलेक्ट्रिक बसचं कंत्राट दिलं, पुरवठा रखडला आणि मे २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी ते रद्द करायला सांगितलं. सामंजस्य कराराच्या दिवशी छापलेला रोजगाराचा आकडा हा कंपनीचा अंदाज असतो, त्याला मुदत नसते आणि तो चुकला तर दंडही नसतो. करार, मग जमिनीचा ताबा, मग यंत्रांची ऑर्डर, मग वीजजोडणी, मग चाचणी उत्पादन, असा क्रम असतो, आणि तंत्रज्ञांची भरती चौथ्या-पाचव्या पायरीवर सुरू होते. पहिल्या पायरीवर कुणी कोर्स विकायला आला तर त्याचं गिऱ्हाईक होऊ नये. कोर्स करायचाच तर आयटीआयमधला ‘मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेइकल’ हा दोन वर्षांचा सरकारी ट्रेड आहे. साठ हजार रुपये घेऊन शंभर टक्के प्लेसमेंट सांगणाऱ्या खासगी वर्गाला एकच विचारावं: गेल्या बॅचमधल्या कुणाकुणाची पीएफची नोंद दाखवता?

डिप्लोमा आणि बी.ई. झालेल्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. त्यांच्या खऱ्या जागा बहुतेक पुणे-चाकण पट्ट्यात आणि छत्रपती संभाजीनगरात. महिंद्राच्या नव्या इलेक्ट्रिक गाड्या चाकणला बनतात, बजाजने इलेक्ट्रिक चेतकसाठी आकुर्डीला कारखाना उभारला, टाटा ऑटोकॉम्पने गोशन या चिनी कंपनीसोबत पॅकचं काम पुण्यात उभं केलं, आणि गाड्या मानकांनुसार तपासणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच आहे. या ठिकाणी इंजिनिअर घेतात ते बीएमएसच्या चाचणीसाठी, प्रोसेससाठी, गुणवत्तेसाठी. मुलाखतीत गाडीतली उपकरणं ज्या कॅन बसवरून एकमेकांशी बोलतात, तिच्यावरचा संदेश वाचता येतो का, नापास पॅकचं कारण टप्प्याटप्प्याने कसं शोधाल, हे विचारतात. ‘ईव्ही इंजिनिअर’ या पदनामाखाली प्रत्यक्षात विक्रीचं काम देणाऱ्या कंपन्याही आहेत. ऑफर लेटरवर कामाचं ठिकाण आणि वरिष्ठाचा विभाग काय लिहिला आहे, तेवढं वाचलं तरी कळतं.

राहिलं गावातलं काम. चारोटीपासून आच्छाडपर्यंत महामार्गावर चार्जर लागत आहेत, डहाणूत इलेक्ट्रिक स्कूटरची दुकानं आहेत. ही कामं थोडी आहेत, पण चालू आहेत. चार्जर बसवायला परवानाधारक माणूस लागतो, आणि इलेक्ट्रिशियन किंवा तारतंत्री झालेली आपली बरीच मुलं विद्युत निरीक्षकांकडचा तारतंत्री परवाना काढतच नाहीत. तो नसल्यामुळे काम वापीचा ठेकेदार घेऊन जातो आणि तलासरीच्या मुलाला मदतनीस म्हणून ठेवतो. स्कूटरच्या दुकानात हबमोटरचा हॉल सेन्सर, कंट्रोलर, चार्जर यांची दुरुस्ती नेहमीची असते. पॅक मात्र तिथे उघडू नये. लाइनवर ज्याच्यासाठी चार तारांचं मीटर, ओढून पाहायचा टाका आणि पाण्याची चाचणी लागते, ते काम दुकानाच्या फळीवर सोल्डरिंगने उरकलं, तर तो पॅक रात्री कुणाच्या तरी घरात चार्जिंगला लागतो.

उधव्याचा मुलगा आता रीवर्कच्या टेबलावर आहे. नापास पॅक त्याच्याकडे येतात, कोणती ओळ खाली आहे ते शोधून तो कारण लिहितो. पुढच्या वर्षी मेंटेनन्सची जागा रिकामी होणार असल्याचं त्याला कळलं आहे, म्हणून सुट्टीच्या दिवशी वापीला पीएलसीचा वर्ग सुरू केला आहे. कंत्राटदाराकडून कंपनीच्या हजेरीपटावर जायचा अर्ज त्याने दिला आहे. सोबत पीएफच्या पासबुकाची प्रत जोडली आहे, सलग नोकरीचे सगळे महिने दिसतील अशी.